यंत्र बोटीनं आलं, बाकीचं कुठे राहिलं?

प्रश्न: सर, मी शिरपूरचा, अर्थशास्त्रात एम.ए. करतोय. एका पुस्तकात लिहिलंय की गरीब देशांकडे भांडवल नाही म्हणून ते गरीब. दुसऱ्यात लिहिलंय शिक्षण नाही म्हणून. पण आपल्याकडे जळगाव-अमळनेरला इंग्रजांच्या काळापासून गिरण्या होत्या, आणि आता इंजिनिअरिंग कॉलेजंही भरपूर आहेत. मग देशादेशांत फरक नक्की कशानं पडतो, भौतिक भांडवलानं की मानवी?

उत्तर: तुमच्या प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत आणि पुस्तकं ते एकात एक कालवतात. आजच्या घडीला एक देश दुसऱ्याच्या पंधरा पट श्रीमंत का, हा पहिला. पन्नास वर्षांत एक देश पुढे सरकला आणि दुसरा जागच्या जागी राहिला, असं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी हिशेबानं देता येतं. दुसऱ्याचं उत्तर त्या काळात नवं तंत्र येत होतं की नाही यावर फार अवलंबून असतं. आधी पहिला घेऊ.

मी कॉलेजात शिकवायला लागण्याआधी सतरा वर्षं बँकेत होतो, लघुउद्योगांच्या कर्जाच्या फायली तपासायला. त्यात जिनिंगच्या फायली खूप. एका तालुक्याच्या गावी दोन जिनिंगना एकाच हंगामात कर्ज दिलं होतं. दोघांनी एकाच कंपनीचे डबल रोलर रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायची यंत्रं, घेतले, एकाच महिन्यात बसवले, कापूसही त्याच पट्ट्यातला. दिवाळीनंतर पाहणीला गेलो तर एकाकडे रुईचे ढीग आणि दुसऱ्याकडे मालक कपाळाला हात लावून बसलेला. त्याच्या रेच्यातून तासाला निम्मीच रुई पडत होती, आणि सरकीला रुई चिकटून राहत होती ती वेगळीच.

रेच्यात चामड्याचे दोन रोलर असतात आणि प्रत्येकाला एक स्थिर पातं दाबून बसवलेलं असतं. रोलर रुई ओढतो, पातं सरकी अडवतं, मधलं हलतं पातं सरकीला टोले देऊन खाली पाडतं. पात्याचा दाब कमी पडला तर रोलर रुई पकडतच नाही. जास्त झाला तर रोलर तापतो, चामडं झिजतं, धागा तुटतो. रोलरवरच्या तिरप्या खाचा झिजल्या की पुन्हा पाडाव्या लागतात, आणि त्यानंतर दाब नव्यानं लावावा लागतो. हे सगळं पहिल्या जिनिंगमधला फिटर नुसत्या आवाजावरून ओळखायचा. त्यालाच दुसरीकडे बोलावलं. त्यानं रेचा बंद करायला लावला, रोलरवर तळहात ठेवला आणि मालकाला म्हणाला, "मशीन चांगलं शे भाऊ, हात कच्चा शेतस." दोन दिवसांत त्यानं सगळे रेचे लावून दिले आणि उत्पादन ताळ्यावर आलं.

परत येताना मी फाइल उघडून पाहिली. प्रोजेक्ट रिपोर्टात जमीन, शेड, रेचे, प्रेस, मोटारी, सगळ्यांची किंमत पैशापर्यंत होती. फिटरचा उल्लेख 'मजुरी' या एका ओळीत. पुढे अर्थशास्त्राचे जाडजूड लेख वाचताना मला हीच फाइल आठवायची, कारण 1950 नंतर बरीच वर्षं देशांच्या योजनाही अशाच लिहिल्या गेल्या.

आता हिशेब. समजा दोन देशांत तंत्र तेच, माणसंही सारख्याच कुवतीची, फरक फक्त यंत्रांचा. दर कामगारामागचं उत्पादन y आणि दर कामगारामागचं भांडवल k. उत्पन्नात भांडवलाचा वाटा 0.4 धरला तर सूत्र असं होतं: y = k^0.4. घातांक एकापेक्षा लहान आहे, म्हणजे यंत्रं दुप्पट केली तरी उत्पादन दुप्पट होत नाही. पहिला रेचा जितकं देतो तितकं दहावा देत नाही, कारण कापूस आणि माणसं तेवढीच.

रॉबर्ट ल्युकास यांनी 1990 मध्ये पाच पानांच्या एका लेखात हे सूत्र भारत आणि अमेरिकेला लावलं. 1988 च्या आकड्यांनुसार अमेरिकेचं माणशी उत्पादन भारताच्या सुमारे 15 पट होतं. हा सगळा फरक यंत्रांमुळेच असेल, तर अमेरिकी कामगाराकडे किती पट यंत्रं हवीत? 15 चा 2.5 वा घात, म्हणजे सुमारे 871 पट. इथेच शंका यायला हवी. पण ल्युकास यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला: मग नवीन रुपया कुठे जास्त कमावेल? अमेरिकेत यंत्रं 871 पट आणि उत्पादन 15 पट, म्हणजे भारतात भांडवलावरचा परतावा 871 भागिले 15, सुमारे 58 पट असायला हवा. न्यूयॉर्कात शेकडा 8 सुटत असतील तर जळगावात शेकडा 464. असं खरंच असतं तर जगातला सगळा पैसा भुसावळ जंक्शनला उतरून पुढच्या गाडीची वाट पाहत बसला असता. तसं काही झालेलं नाही. त्यामुळे 'यंत्रं कमी म्हणून गरीब' हे वाक्य, निदान एवढंच वाक्य, टिकत नाही.

आता माणसांचा फरक हिशेबात घ्या. अॅन क्रूगर यांनी 1968 मध्ये एक अंदाज काढला होता. प्रत्येक देशातले कामगार किती शिकलेले, कोणत्या वयाचे, कोणत्या क्षेत्रात, हे पाहून अमेरिकेतल्या अनुभवानुसार त्यांची उत्पादकता मोजली. उत्तर आलं की एक अमेरिकी कामगार साधारण पाच भारतीय कामगारांच्या बरोबरीचा. माणूस म्हणून नव्हे, कामाच्या तयारीत. हा आकडा घेतला तर 15 पटींमधले 5 माणसांच्या खाती जातात आणि यंत्रांनी समजावून द्यायला फक्त 3 पट उरतात. 3 चा 2.5 वा घात 15.6, त्याला 3 नं भागलं की परतावा 5 पटींच्या जरा वर. 464 ऐवजी शेकडा 42. हेही जास्तच आहे, पण आता आकडा आपल्या ओळखीचा झाला, खेड्यातल्या सावकारी व्याजाच्या आसपासचा. जे राहिलं त्याचं कारण वीज, कोर्टकचेऱ्या, जोखीम अशात शोधता येतं. शिवाय शिकलेली माणसं एकमेकांचं कामही सुधारतात हे धरलं, तर ल्युकास यांच्या गणितात तोही फरक जवळजवळ पुसला जातो. ती शेवटची पायरी मात्र एकाच अंदाजावर उभी आहे, म्हणून मी तिच्यावर फार भार टाकत नाही.

58 चे 5 झाले, एवढं तुमच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. यात यंत्रं निरुपयोगी ठरली असा अर्थ नाही. यंत्र तिथे जातं जिथे ते कमावतं, आणि ते कुठे कमावतं हे ठरवण्यात माणसाचा हात मोठा आहे. 2007 मध्ये कॅसेली आणि फेरर यांनी वेगवेगळ्या देशांतला भांडवलावरचा परतावा प्रत्यक्ष मोजला. जमीन आणि खनिजांचा वाटा वेगळा काढला, गरीब देशांत उत्पादनाच्या मानानं यंत्रं महाग पडतात हेही धरलं. तेव्हा परतावा बहुतेक ठिकाणी सारखाच निघाला. म्हणजे पैसा वाटेत अडलाय असं नाही. त्याला इकडे जास्त मिळतच नाही.

इथवर वाचून तुमचं दुसरं पुस्तक जिंकलं असं वाटेल. थांबा. मानवी भांडवल मोजायचं कसं हा खरा घोळ आहे.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शाळेची वर्षं. हॉल आणि जोन्स यांनी 1999 च्या लेखात असा हिशेब धरला: शाळेच्या पहिल्या चार वर्षांत दर वर्षाला उत्पादकता 13.4 टक्क्यांच्या दरानं वाढते, पुढच्या चार वर्षांत 10.1, त्यानंतर 6.8. हे दर अनेक देशांतल्या पगारांच्या अभ्यासांवरून घेतलेले. चक्रवाढीनं जोडलं तर पहिल्या चार वर्षांनी कुवत 1.71 पट होते. त्यावर आठवीपर्यंत 1.50 पट, म्हणजे एकूण 2.56. बारावीपर्यंत आणखी 1.31, एकूण सुमारे 3.4. याचा अर्थ नीट लावा. एका देशात कुणीच शाळेत गेलं नाही आणि दुसऱ्यात सगळे बारावी झाले, तरी या मापानं फरक जेमतेम साडेतीन पट. खरे देश इतके टोकाचे नसतात. म्हणून वर्षं मोजून मानवी भांडवलाला एका मर्यादेपलीकडे श्रेय देताच येत नाही. क्रूगर यांचे 5 आले ते वय आणि क्षेत्र धरल्यामुळे.

याच लेखात अमेरिका आणि नायजर यांची तुलना आहे. दर कामगारामागचं उत्पादन 35 पट. त्यात भांडवलाचा वाटा 1.5 पट, शिक्षणाचा 3.1 पट, आणि उरलेले 7.7 पट 'उत्पादकता' नावाच्या गाठोड्यात. गाठोडं म्हणजे जे मोजता आलं नाही ते सगळं: तंत्र, व्यवस्थापन, कायदा, लाचलुचपत, आणि बेरजेतल्या चुकासुद्धा.

परीक्षेत इथे हमखास एक चूक होते. 1.5 पाहून मुलं लिहितात की नायजरमध्ये यंत्रं अमेरिकेच्या दोन तृतीयांश आहेत. तसं नाही. हॉल आणि जोन्स माणशी भांडवल घेत नाहीत, भांडवल आणि उत्पादन यांचं गुणोत्तर घेतात. कारण असं: फिटर चांगला म्हणून जिनिंगची कमाई वाढली आणि त्या कमाईतून मालकानं आणखी दोन रेचे घेतले, तर त्या दोन रेच्यांचं श्रेय कुणाला द्यायचं? माणशी यंत्रं मोजलीत तर श्रेय यंत्राला जातं. गुणोत्तर घेतलंत तर फिटरला, कारण यंत्रं त्याच्या मागून आली. दोन्ही हिशेब बेरजेत बरोबर आहेत, पण 'भांडवल महत्त्वाचं' आणि 'भांडवल बिनमहत्त्वाचं' अशी उलटी उत्तरं देतात. तुमच्या दोन पुस्तकांत भांडण असेल तर त्यातलं बरंचसं इथलं असणार. मी दुसऱ्या पद्धतीच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर: यंत्रं मागून येण्याइतका वेळ गेलेला असावा. दोन-चार वर्षांच्या हिशेबात पहिलीच पद्धत खरी.

शिक्षणाच्या बाजूनं सर्वांत जास्त उद्धृत होतो तो मँक्यू, रोमर आणि वेल यांचा 1992 चा लेख. त्यांनी मानवी भांडवल घालून देशादेशांतल्या उत्पन्नाच्या फरकातला जवळपास 80 टक्के भाग समजावला. मात्र त्यांचं माप होतं काम करण्याच्या वयातल्या लोकांपैकी किती जण माध्यमिक शाळेत आहेत हे. माध्यमिकमध्ये देशादेशांत प्रचंड तफावत असते, प्राथमिकमध्ये खूपच कमी. क्लेनो आणि रॉड्रिग्ज-क्लेर यांनी 1997 मध्ये प्राथमिकही धरलं आणि तो मोठा आकडा बराच खाली आला. जी पट्टी जास्त ताणते तिनं मोजलं की फरक जास्त दिसणारच.

मग वर्षं न मोजता माणसाचं मोल कसं काढायचं? याचं मला सर्वांत आवडणारं उत्तर आपल्या लोकांना समजवायला अगदी सोपं आहे. नंदुरबार-नवापूरकडची किती मुलं सुरतेला जातात! समजा गावी एखाद्याला दिवसाला 300 रुपये मिळायचे आणि सुरतेला गेल्याबरोबर 500 मिळायला लागले. आठवड्यात त्याच्या डोक्यात किंवा हातात काही नवं शिरलेलं नाही. वाढलेले 200 हे जागेचे आहेत: तिथली यंत्रं, तिथले व्यापारी, तिथली वीज. आता सुरतेचा मुरलेला कारागीर त्याच यंत्रावर 900 कमावत असेल, तर 500 ते 900 हा फरक जागेचा नाही, माणसांमधला आहे. जागा बदलली, माणूस तोच ठेवला, की जागेचं आणि माणसाचं वेगळं काढता येतं.

हेंड्रिक्स आणि शोएलमन यांनी 2018 मध्ये हेच अमेरिकेत गेलेल्या लोकांवर केलं. स्थलांतराआधीचा पगार आणि नंतरचा पगार, त्याच माणसाचा. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतून आलेल्यांची वाढ दोन देशांतल्या एकूण तफावतीच्या सरासरी 38 टक्के निघाली. उरलेलं साधारण 60 टक्के माणसाबरोबर आलं, म्हणजे मानवी भांडवलाच्या खाती. हे टक्के पटींच्या मापावरचे आहेत, साध्या वजाबाकीचे नाहीत. तफावत 15 पट असेल तर 15 चा 0.38 वा घात घ्यायचा, तो सुमारे 2.8 येतो. जागा बदलल्यानं 2.8 पट, आणि 15 भागिले 2.8, म्हणजे 5.4 पट, माणसाच्या खाती. क्रूगर यांच्या 5 च्या शेजारीच हा आकडा येऊन बसतो. पन्नास वर्षांच्या अंतरानं, वेगळ्या वाटेनं. मी याला पुरावा म्हणणार नाही, पण वर्गात फळ्यावर दोन्ही आकडे शेजारी लिहायला मला आवडतं.

या मापाचीही एक खोट आहे. आपल्याकडचा डॉक्टर तिकडे परवाना मिळेपर्यंत दुकानात उभा राहिला तर त्याची पगारवाढ कमी दिसते, आणि दोष नकळत त्याच्या कुवतीवर जातो. लेखकांना हे माहीत आहे आणि त्यांनी तपासण्या केल्या आहेत, तरी 60 हा आकडा दगडावरची रेघ समजू नका.

आता गिरण्यांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात चांगला भाग तोच आहे. जळगावला कापडगिरणी 1870 च्या दशकात आली, अमळनेरला प्रताप शेठजींची गिरणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्या काळच्या मुंबई इलाख्यातल्या गिरण्यांत यंत्रं बहुतेक लँकेशायरहून बोटीनं यायची, मँचेस्टरच्या आसपास चालायची तशीच. जगात कुठेही गिरणी काढा, चात्या त्याच. म्हणजे भौतिक भांडवल जणू प्रयोगशाळेत सारखं ठेवलेलं. ग्रेगरी क्लार्क यांनी 1987 मध्ये 1910 च्या सुमाराचे आकडे लावले. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातला एक गिरणी कामगार 1.5 ब्रिटिश, 2.3 जर्मन, आणि जवळपास 6 भारतीय, जपानी, चिनी किंवा ग्रीक कामगारांइतकं काम करायचा. यंत्र तेच, फक्त तिकडे एक माणूस जितकी यंत्रं सांभाळी तितक्यांना इकडे सहाजण लागत. मजुरी स्वस्त होती, पण माणसं इतकी लागत की स्वस्ताईचा बराच फायदा त्यातच विरून जाई.

मग हे मानवी भांडवल का? क्लार्क म्हणतात, नाही. प्रशिक्षण, व्यवस्थापन, तंत्र, स्वस्त मजुरीमुळे मुद्दाम जास्त माणसं लावणं, सगळं तपासून पाहिलं आणि कशानंच फरक पूर्ण भरून निघाला नाही. यावर वाद आहेत, पण त्या यादीत जपान आहे याकडे लक्ष द्या. 1910 मध्ये जपानी गिरणी कामगार आपल्याच रांगेत होते. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत जपानी गिरण्यांत एक कामगार सांभाळत असलेली यंत्रं कित्येक पटींनी वाढली. मुंबईत जवळजवळ जिथली तिथे राहिली. आपल्याकडे मालकांनी एका विणकराकडे जास्त माग द्यायचा प्रयत्न केला तेव्हा 1928 चा मोठा संप झाला, सहा महिन्यांचा. कामगारांची बाजू मला समजते. निम्मे लोक घरी जाणार हे त्यांना दिसत होतं आणि उरलेल्यांना दुप्पट पगार मिळेल याची हमी कुणी देत नव्हतं. पण अर्थशास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर एका माणसाकडे किती माग, हा आकडा यंत्रातही नाही आणि डोक्यातही नाही. तो मालक आणि कामगार यांच्यातल्या करारात आहे. हॉल-जोन्स यांच्या गाठोड्यात असल्या गोष्टी असतात.

गाठोडं उघडून पाहण्याचा एक अलीकडचा प्रयोग आपल्या जवळच झाला. 2008 पासून ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड कारखान्यांत काही ठिकाणी सल्लागार पाठवले. शिकवलं काय? सुताचा साठा रोज मोजा आणि नोंदवा, यंत्र बंद पडण्याआधी तेल-दुरुस्ती करा, कापडातले दोष कोणत्या मागावर आले ते लिहा, त्यावर रोज सकाळी बसून बोला. माग तेच, विणकर तेच. पहिल्या वर्षात उत्पादकता 17 टक्के वाढली. याला काय म्हणाल, मानवी भांडवल की उत्पादकता? मालकाच्या डोक्यात शिरलं म्हणून मानवी म्हणा, पण शाळेच्या कोणत्याही वर्षात ते मोजलं जाणार नाही.

आता दुसरा प्रश्न, काळानुसार वाढीचा. यंत्रं वाढवून मिळणारी वाढ एका टप्प्यावर दमते, हे k^0.4 मधूनच दिसतं. पण शिक्षणाची वर्षंही अनंत वाढत नाहीत. मग लांब पल्ल्यात शिक्षण काय करतं? नेल्सन आणि फेल्प्स यांनी 1966 मध्ये दिलेलं उत्तर मला केळीच्या बागेत पटलं. त्यांचं म्हणणं असं: तंत्र बदलत नसेल तर शिकलेला आणि न शिकलेला शेतकरी जवळपास सारखंच पिकवतात. नवं तंत्र आलं की शिकलेला ते आधी उचलतो, आणि शिक्षणाची किंमत तेव्हा वसूल होते.

रावेर-यावल पट्ट्यात कंदाऐवजी टिश्यू कल्चरची रोपं आणि पाटपाण्याऐवजी ठिबक आलं, त्या वर्षांत मी कर्जाच्या पाहणीला बागा फिरत होतो. कंदाची लागवड पिढ्यान्पिढ्या चालत आलेली, त्यात चौथी शिकलेला म्हातारा कृषी पदवीधराला हरवायचा. ठिबकमधून खत सोडायचं म्हटल्यावर चित्र बदललं. किती दिवसांनी किती विद्राव्य खत, टाकीत किती पाणी, फिल्टरवरचा दाब किती, ड्रिपर तुंबलं तर आम्ल किती सोडायचं, हे तक्ता वाचून ठरवावं लागतं. ज्या घरात तक्ता वाचणारं कुणी होतं तिथे पहिल्याच वर्षी जमलं. बाकीच्यांनी शेजाऱ्याचं पाहून दोन-तीन वर्षांनी उचललं. आज सगळेच ठिबक करतात आणि तो फरक पुन्हा पुसट झालाय. फॉस्टर आणि रोझेनझ्वाइग यांनी 1996 मध्ये हरित क्रांतीच्या काळातल्या भारतावर हेच दाखवलं: जिथे नवं बियाणं वेगानं आलं तिथे शिक्षणाचा परतावा वाढला, आणि त्या भागांत लोकांनी मुलांना जास्त शिकवलंही.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर 'मानवी' असं आहे, पण फक्त तिथे, जिथे काहीतरी नवं येऊन धडकतंय. जिथे काहीच बदलत नाही तिथे पदवी भिंतीवर टांगली जाते.

राहता राहिली इंजिनिअरिंग कॉलेजं. देशांसाठीचा हिशेब जिल्ह्याला जसाच्या तसा लावू नका. देशाची सीमा ओलांडायला व्हिसा लागतो, म्हणून शिकलेली माणसं बहुतांशी देशातच राहतात आणि यंत्रं त्यांच्या मागे येतात. जळगाव-धुळ्याहून पुण्याला जायला रात्रीची एक बस पुरते. इथलं कॉलेज मानवी भांडवल तयार करतं आणि ते हिंजवडीच्या खात्यात जमा होतं. आई-वडिलांचा खर्च खान्देशात, परतावा पुण्यात. रेचा आपल्या पायांनी चालत जात नाही, फिटर जातो. म्हणून आपल्याकडे कॉलेजं असूनही उत्पन्न तितकं का नाही, या निरीक्षणावरून देशांबद्दलचा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय पदवी असणं आणि पाठीमागची गोष्ट येणं यातलं अंतर मुलाखती घेणाऱ्या कुणालाही विचारा.

परीक्षेसाठी एक काम करा. ल्युकास यांचा हिशेब स्वतः मांडा, पण भांडवलाचा वाटा 0.4 ऐवजी एक तृतीयांश धरा. बरीच पुस्तकं तोच धरतात. 15 चा घन 3375, भागिले 15, म्हणजे परतावा 58 ऐवजी 225 पट. माणसांचे 5 काढून उरलेल्या 3 चा घन 27, भागिले 3, म्हणजे 9 पट. मग वाटा 0.6 धरून बघा. तिथे 15 पटींचा परतावा 6 पटींवर येतो आणि 3 पटींचा 2 पटींवर, म्हणजे यंत्रांची बाजू अचानक बळकट होते. कोणत्या पुस्तकानं कोणता वाटा धरलाय ते आधी शोधा. आकडे जुळले नाहीत तर इथेच लिहा, वहीचा फोटो टाकलात तरी चालेल.